‘ओळख’ हे नाव का सोडले: ओरोसच्या कारपूल ॲपच्या नामकरणाचा प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मुख्यालय ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत आहे. पण तिथे काम करणारे बहुतेक लोक तिथे राहत नाहीत. कोणी कुडाळहून येतो, कोणी कणकवलीहून, कोणी सावंतवाडीहून, तर मालवणची मंडळी कट्ट्यावरून कसालच्या तिठ्याला येऊन महामार्गाला लागतात. सरकारी कार्यालयांची वेळ पावणेदहाची असल्यामुळे सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान एकाच दिशेने कितीतरी गाड्या धावत असतात आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत चालवणाऱ्याशिवाय कोणी नसते. या रिकाम्या जागा एकमेकांना कळाव्यात आणि पेट्रोलचा खर्च वाटून घेता यावा, म्हणून तिघांनी मिळून एक साधे ॲप तयार केले. तिघांपैकी एक जण जिल्हा परिषदेत नोकरीला आहे, दुसरी त्याची आतेबहीण संगणक अभियंता आहे आणि तिसरे त्यांचे निवृत्त शिक्षक काका आहेत. ॲप तयार झाले, नाव मात्र ठरत नव्हते. ट्रेडमार्कचे अर्ज भरण्याचे काम मी करतो, म्हणून ते माझ्याकडे आले.

त्यांनी आणलेल्या कागदावर सहा नावे होती: ‘कोकण माइल्स’, ‘सारथी’, ‘उंबर’, ‘ओळख’, ‘रापण’ आणि ‘वांगडा’. पहिल्या बैठकीत काका ठामपणे म्हणाले, “यातली पाच तर शुद्ध मराठी आहेत. टॅक्सी कंपन्यांची नावे इंग्रजी. मग साम्य येणार कुठून?” माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक मराठी नावाच्या बाबतीत मी हाच समज ऐकतो आणि या प्रकरणातला सगळा अभ्यास त्या समजाभोवतीच फिरतो. नाव देवनागरीत सुचते, पण मोबाइलवर ते रोमन अक्षरांत टंकले जाते आणि फोनवर, गाडीच्या आवाजात, अर्धवट ऐकले जाते. साम्य शोधायचे ते या दोन ठिकाणी.

दोन नावे लगेच बाजूला ठेवली. ‘कोकण माइल्स’ हे नाव गोव्यात २०१८पासून चालणाऱ्या ‘गोवा माइल्स’ या ॲप-टॅक्सी सेवेच्या साच्यात तंतोतंत बसते: आधी प्रदेश, मग माइल्स. सिंधुदुर्गातले कितीतरी लोक बांद्यावरून रोज गोव्यात कामाला जातात, त्यामुळे ही त्याच सेवेची महाराष्ट्रातली शाखा असावी असे कोणालाही सहज वाटले असते. ‘माइल्स’ हा शब्द कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही, हा युक्तिवाद करता येतो. पण संपूर्ण नावाचा ठसा सारखा पडत असेल तर तो फार उपयोगी पडत नाही. ‘सारथी’ हे नाव तर परिवहन खात्याच्या वाहन परवान्याच्या संगणक प्रणालीचे आहे. लायसन्स काढलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ते बसलेले असल्यामुळे ॲप सरकारी आहे असा गैरसमज पसरला असता.

‘उंबर’ अभियंता मुलीला फार आवडले होते. गावाकडे गाडीची वाट पाहत लोक ज्या झाडाखाली उभे राहतात, ते झाड पुष्कळदा उंबराचे असते, म्हणून. पण मराठी माणूस ‘उबर’ असा उच्चार करतो त्या टॅक्सी सेवेत आणि ‘उंबर’ या शब्दात एका अनुस्वाराचाच फरक आहे. रोमनमध्ये लिहिले तर Umbar आणि Uber. देवनागरीत अनुस्वार लक्ष देऊन वाचता येतो, पण घाईत बोलताना तो कानापर्यंत पोहोचेलच याची खात्री नाही. ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ च्या कलम २९(९) प्रमाणे, नोंदणीकृत चिन्हात शब्द असतील तर त्या शब्दांच्या बोललेल्या वापरातूनही उल्लंघन होऊ शकते. म्हणजे अक्षरे वेगळी दिसतात एवढे सांगून सुटका होत नाही. मी तिला ‘उंबर’ हे नाव दारात उभे राहून, पाठ फिरवून काकांना सांगायला लावले. काकांनी विचारले, “उबरच म्हणालीस ना?” त्यानंतर त्या नावावर चर्चा झाली नाही.

खरा वाद झाला तो ‘ओळख’ या नावावर. कारपूलच्या कल्पनेला हे नाव सुंदर बसते. रोज एकाच रस्त्याने जाणारी, पण एकमेकांना नावाने न ओळखणारी माणसे गाडीत बसली की ओळखीची होतात. देवनागरीत ‘ओळख’ आणि ‘ओला’ या टॅक्सी सेवेचे नाव यांत काही साम्य नाही. एकात ळ आहे, दुसऱ्यात ल. मराठी माणसाला या दोन वर्णांत गोंधळ होण्याचे कारण नाही, कारण ‘ओल’ आणि ‘ओळ’ हे आपल्या बोलण्यातले स्वतंत्र शब्द आहेत. काकांनी शिक्षकाच्या निष्ठेने हा मुद्दा मांडला आणि भाषेच्या दृष्टीने तो बरोबर होता.

पण रोमन लिपीत ळ नाही. ‘ओळख’ लिहायचे तर Olakh असे लिहावे लागते आणि त्याची पहिली तीन अक्षरे Ola होतात. आम्ही जिल्हा परिषदेच्या कँटीनमध्ये एक लहानशी चाचणी केली. चहाला आलेल्या ओळखीच्या माणसांना “ओळख नावाचे ॲप प्ले स्टोअरवर शोधा” एवढेच सांगितले आणि त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. देवनागरी कळफलक फारच थोड्यांनी उघडला. बाकीच्यांनी रोमनमध्येच सुरुवात केली आणि o, l, a ही तीन अक्षरे पडली की खाली सुचवण्यांची यादी उघडायची, तिच्यात सगळ्यात वर टॅक्सीवाले ॲप असायचे. एका गृहस्थांनी तेच दाबले आणि म्हणाले, “हां, हे आहे माझ्याकडे आधीच.” नाव ठरवणाऱ्याने हे वाक्य लक्षात ठेवावे. त्या गृहस्थांची फसवणूक कोणी केली नव्हती. त्यांनी ऐकले बरोबर, टंकले बरोबर आणि तरीही ते दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

दुसरी अडचण अभियंता मुलीनेच शोधली. आपल्याकडे व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याचे शीर्षक दूरसंचार कंपनीकडे नोंदवावे लागते आणि ते सहसा सहा अक्षरांचे असते. Olakh पाच अक्षरांचे, म्हणून सहावे अक्षर जोडून OLAKHA असे काहीतरी करावे लागले असते. फोनवर ओटीपी येतो तेव्हा माणूस हे शीर्षक पुरते वाचत नाही, सुरुवातीची अक्षरे पाहून समजून घेतो. OLA ने सुरू होणाऱ्या शीर्षकाखाली ओटीपी आला तर तो टॅक्सी कंपनीचा आहे असे वाटणार आणि “मी तर टॅक्सी मागवलीच नाही” म्हणून एखादा घाबरणार, हे सांगायला वकिलाची गरज नाही.

काकांचा ळ आणि ल यांचा मुद्दा कायद्याच्या कसोटीवर का टिकत नाही, हे समजावताना मी त्यांना ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांचा खटला सांगितला. १९६० च्या दशकात तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्युत्पत्ती सांगणाऱ्याला अमृत आणि लक्ष्मण हे शब्द किती वेगळे वाटतील! पण न्यायालयाने पाहिले ते सर्वसाधारण बुद्धीच्या आणि अपुऱ्या आठवणीच्या ग्राहकाकडे, जो नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही आणि ज्याच्या मनात संपूर्ण नावाचा पुसटसा ठसा तेवढा राहतो. त्या दृष्टीने दोन्ही नावे फसवे साम्य असलेली ठरली. काका गप्प झाले, मग म्हणाले, “म्हणजे माझ्यासारखा वाचणारा नाही, तर घाईत असलेला वाचणारा धरायचा.” यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते.

‘ओळख’ आणि ‘ओला’ यांचा खटला झालाच असता तर ‘ओळख’ हरलेच असते असे मी म्हणत नाही. सबंध शब्द म्हणून त्याला स्वतंत्र अर्थ आहे, शेवटचा ख ठळक आहे आणि मराठी भाषकाच्या तोंडी तो शब्द रोजचा आहे. पण सेवा एकाच प्रकारची, ग्राहक एकाच प्रकारचा, माध्यमही तेच, म्हणजे मोबाइलचा पडदा. वस्तू आणि सेवा जितक्या जवळच्या, तितके नावांमधले अंतर जास्त लागते. हेच नाव एखाद्या विवाह मंडळाने घेतले असते तर मी अडवले नसते.

‘रापण’च्या बाबतीत मला स्वतःलाच निर्णय घेणे जड गेले, कारण यादीतले ते सगळ्यात कोकणी नाव होते. किनाऱ्यावर अर्धवर्तुळात जाळे टाकून दोन्ही टोकांनी गावकरी मिळून ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. खर्च वाटून घेण्याच्या ॲपला याहून योग्य प्रतिमा मिळणे कठीण. इथेही रोमन रूप Rapan आणि समोर Rapido ही टॅक्सी सेवा. पहिली तीन अक्षरे सारखी. तरीही ही जोडी ‘ओळख’च्या जोडीपेक्षा वेगळी आहे. Ola हे नाव Olakh च्या आत अख्खेच्या अख्खे बसते. Rapido तसे Rapan मध्ये बसत नाही. ऐकायलाही ‘रापण’ आणि ‘रॅपिडो’ यांत पहिला स्वर वेगळा आहे, शेवट वेगळा आहे, अक्षरसंख्या वेगळी आहे. अर्थात तर काहीच साम्य नाही: एक जाळे, दुसरा वेग. माझ्या मते हे नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षकासमोर टिकले असते.

मग ते का सोडले? दोन कारणे होती. पहिले असे की तिघांनी बोधचिन्हाचे जे रेखाटन आणले होते, त्यात पिवळ्या जमिनीवर काळे जाळे होते. पिवळा आणि काळा हे टॅक्सीचे रंग म्हणून आपल्या डोळ्यांत बसलेले आहेतच, शिवाय रॅपिडोही पिवळा रंगच वापरते. नावातले थोडे साम्य आणि रंगातले थोडे साम्य वेगवेगळे असताना निभावून जाते, एकत्र आले की ठसा सारखा होतो. रंग बदलता आला असता, म्हणून हे कारण एकटे पुरेसे नव्हते. दुसरे कारण पैशांचे आणि वेळेचे होते. अर्ज स्वीकारून ट्रेडमार्क नियतकालिकात प्रसिद्ध झाला की पुढचे चार महिने कोणीही विरोध दाखल करू शकतो. मोठ्या कंपन्या त्या नियतकालिकावर नजर ठेवून असतात आणि आपल्या नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांशी जुळणारे नाव दिसले की विरोध टाकणे त्यांच्यासाठी नेहमीचे काम असते. विरोधाला उत्तर, पुरावे, सुनावणी यांत वर्षे जाऊ शकतात. जिंकण्याची शक्यता चांगली असली तरी पेट्रोलचे पैसे वाचवायला निघालेल्या तीन माणसांना ती लढाई परवडणारी नव्हती. “नाव टिकेल का” आणि “नाव टिकवण्यासाठी लढावे लागेल का” हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लहान उद्योगाने दुसरा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे. ‘रापण’ सोडताना जिल्हा परिषदेतला मुलगा खरोखर हळहळला. मलाही वाईट वाटले.

उरले ‘वांगडा’. मालवणीत ‘वांगडा’ म्हणजे सोबत, बरोबर. “तुमच्या वांगडा जागा आसा काय?” हा प्रश्न ज्या प्रदेशासाठी ॲप होते, त्या प्रदेशात रोज विचारला जातो. मी त्याची तपासणी त्याच क्रमाने केली. ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात शब्दाने शोधता येते आणि उच्चारसाम्यानेही. प्रत्येक वेळी वर्ग निवडावा लागतो. वाहतूक सेवेचा वर्ग ३९, उतरवून घेण्याच्या ॲपचा वर्ग ९ आणि ऑनलाइन चालणाऱ्या सॉफ्टवेअर सेवेचा वर्ग ४२, अशा तिन्ही वर्गांत शोधले. लोक लिहितील अशी सगळी रोमन रूपे घेतली: Vangada, Vangda, Wangada, Wangda. केवळ आपल्याला आवडलेल्या स्पेलिंगने शोधणे ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे. आम्हाला कोणतीही टॅक्सी सेवा जवळपास सापडली नाही. प्ले स्टोअरवर पहिली तीन अक्षरे टंकून काय सुचवले जाते तेही पाहिले. Van वर व्हॅन चालवण्याचे खेळ पुष्कळ येत होते, प्रवास सेवा नव्हती. एसएमएसचे शीर्षक VANGDA, बरोबर सहा अक्षरे.

नोंदणीत न सापडणारी एक गोष्ट रस्त्यावर सापडते. आपल्या कायद्यात आधीपासून वापर करणाऱ्याला नोंदणी नसली तरी संरक्षण आहे, म्हणून मी मुलाला कुडाळ, कणकवली आणि सावंतवाडीच्या एसटी स्थानकांबाहेर उभ्या असणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांच्या मागच्या काचा आणि तिकीट बुकिंगच्या टपऱ्यांवरचे फलक वाचून यायला सांगितले. ते करताना राखीव म्हणून सुचलेले एक सातवे नाव एका चालू व्यवसायाच्या टेम्पो ट्रॅव्हलरवर रंगवलेले निघाले आणि ते तिथेच संपले. ‘वांगडा’ कुठे दिसले नाही.

या नावाला दोन मर्यादा आहेत आणि त्या मी लेखी दिल्या. एक म्हणजे, कलम ९ प्रमाणे सेवेचे केवळ वर्णन करणारा शब्द एकट्याच्या नावावर नोंदवून मिळत नाही. ‘सोबत प्रवास’ हे कारपूलचे वर्णनच आहे, ते सहजासहजी नोंदले जाणार नाही. ‘वांगडा’ वर्णनापेक्षा सूचक आहे, तो प्रवासाबद्दल काही सांगत नाही, जेवणाला किंवा जत्रेलाही वांगडा जाता येते. तरी परीक्षकाने आक्षेप घेतला तर हे उत्तर द्यावे लागेल. दुसरी मर्यादा अशी की घाटावरून बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याला हा शब्द कळत नाही. कोल्हापूरच्या एका बाईंनी विचारले, “वांग्याचा काही संबंध आहे का?” म्हणून नावाखाली मराठीत एक ओळ द्यायचे ठरले: ‘ऑफिसला एकत्र’. प्ले स्टोअरवर ॲपचे शीर्षक तीस अक्षरांत बसवावे लागते, तेवढ्यात हे बसते.

त्या ओळीचे शब्द निवडतानाही टॅक्सीपासून दूर राहण्याचे कारण होते आणि ते केवळ नावाच्या साम्याचे नव्हते. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी परवान्याशिवाय भाड्याने प्रवासी वाहू शकत नाही, आणि खाजगी वापराच्या विमा पॉलिसीतून भाड्याची वाहतूक साधारणपणे वगळलेली असते. ॲपच्या नावात किंवा खालच्या ओळीत कॅब, टॅक्सी, राइड, भाडे असे शब्द आले असते तर आरटीओच्या अधिकाऱ्याला, स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना आणि अपघातानंतर विमा कंपनीला तोच अर्थ काढणे सोपे गेले असते. म्हणून पडद्यावरचे शब्दही बदलले. ‘चालक’ ऐवजी ‘गाडीवाले’, ‘ग्राहक’ ऐवजी ‘सोबती’, ‘भाडे’ ऐवजी ‘पेट्रोलचा वाटा’. शब्द बदलल्याने व्यवहार कायदेशीर होत नाही, तो खरोखर खर्च वाटून घेण्यापुरताच असावा लागतो, हे मी तिघांना स्पष्ट सांगितले. गाडीवाल्याला नफा उरणार नाही अशी हिशेबाची मर्यादा मुलीने ॲपमध्येच घातली. स्टोअरवरच्या वर्णनात “अमुक टॅक्सीपेक्षा स्वस्त” असे वाक्य घालण्याचा मोह झाला होता, तेही काढले, कारण जे नाव आपण इतक्या कष्टाने टाळले ते वर्णनातून परत आणण्यात अर्थ नव्हता. बोधचिन्हाला समुद्राचा गडद निळा रंग दिला.

अर्ज साध्या अक्षरांतल्या शब्दचिन्हासाठी केला, एक देवनागरीत आणि एक रोमन Vangada साठी. कारण सजवलेल्या अक्षरांचे चित्र नोंदवले तर संरक्षण त्या चित्राभोवती अडकते. शब्दाचा उच्चार आणि ‘सोबत’ हा अर्थ अर्जात नमूद केला. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे. इतरांना ते ९,००० रुपये पडते. तीन वर्ग आणि दोन लिप्या मिळून सत्तावीस हजार होत होते. तिघांनी थोडा विचार करून देवनागरीचा अर्ज सध्या फक्त वर्ग ३९ मध्ये आणि रोमनचा तिन्ही वर्गांत करायचे ठरवले, म्हणजे अठरा हजार. मी याला संमती दिली, कारण धोका जिथे टंकले जाते तिथे जास्त होता.

सध्या चारही अर्ज परीक्षकाकडे आहेत. आक्षेप आला तर तो वर्णनात्मकतेचा येईल असा माझा अंदाज आहे आणि त्याच्या उत्तरासाठी वापराचा पुरावा लागेल, म्हणून पहिल्या दिवसापासूनचे स्टोअरवरचे पान, एसएमएस आणि कसालच्या तिठ्यावर लावलेल्या छोट्या फलकाचा तारीखवार फोटो अशी फाइल काका सांभाळत आहेत. फलकावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘वांगडा’ लिहिले आहे आणि त्याखाली, कोणी न सांगता, रोमन रूपही लिहून ठेवले आहे.